फ्रीलान्सिंगची सुरुवात कुठून करावी : मोठी बाजारपेठ, खास व्यासपीठ की जॉब बोर्ड?

नवी_वाट
नमस्कार मंडळी. वर्षभर वर्डप्रेस शिकतेय. ओळखीतल्या तिघांच्या साइट करून दिल्या. दोघांनी पैसे दिले, तिसरी मैत्रीखातर केली. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा-बारा तास मिळतात. आता अनोळखी लोकांची कामं घ्यायची आहेत आणि तिथेच अडकलेय.

एक वाट अपवर्क, फायव्हर अशा सगळ्यांसाठी खुल्या बाजारपेठांची. दुसरी टॉपटल, कोडेबल अशा निवडून घेणाऱ्यांची. तिसरी जॉब बोर्डांची, म्हणजे जाहिरात वाचायची आणि थेट अर्ज करायचा. एका मोठ्या बाजारपेठेवर दोन महिन्यांत ३८ प्रपोजल पाठवली. एकाचंही उत्तर नाही. दोष जागेचा की माझा, हे मला कळत नाहीये. तुम्ही कुठून सुरुवात केली आणि आज करायची असती तर कुठून केली असती?

घाईघाईत
फायव्हर. तिथे प्रपोजल पाठवावीच लागत नाहीत. आपली सेवा मांडून ठेवायची, गिऱ्हाईक शोधत येतं.

पैलतीर
माझं मत वेगळं आहे. खुल्या बाजारपेठेत कमिशनही जातं आणि भावही पडतो. थेट टॉपटल किंवा कोडेबलला अर्ज करा. टॉपटल फ्रीलान्सरच्या दरातून काहीच कापत नाही. आपण सांगितलेला दर आपल्याला मिळतो. गिऱ्हाईक आधीच तयार असतं, घासाघीस नाही. नाही घेतलं तर नुकसान काय, चार तासच जातील.

कोडेश्वर
@पैलतीर, चार तासांत ते आटोपत नाही. मी त्या चाळणीतून गेलो आहे. आधी भाषा आणि बोलण्याची मुलाखत, मग वेळ लावून अल्गोरिदमची परीक्षा, मग तज्ज्ञासमोर स्क्रीन दाखवत कोड लिहायचा आणि शेवटी एक चाचणी प्रकल्प. एकट्या प्रकल्पाला एक ते तीन आठवडे लागतात. कोणत्याही पायरीवर गळलात की थांबायचं. आलेल्यांतले वरचे ३ टक्केच घेतो असं ते स्वतः सांगतात.

दर आपला आपल्याला मिळतो हे खरं. पण त्यावर ते गिऱ्हाइकाकडून किती घेतात ते आपल्याला दिसत नाही. माझी तक्रार नाही, मला तिथे चांगली कामं मिळाली. फक्त मी गेलो तेव्हा गाठीशी सहा वर्षांचं काम होतं. वर्डप्रेसची तीन संकेतस्थळं आणि अल्गोरिदमची परीक्षा यांचा मेळ बसत नाही.

पैलतीर
हे मला ठाऊक नव्हतं, मान्य. पण कोडेबल तर फक्त वर्डप्रेसवाल्यांसाठीच आहे ना? तिथे अल्गोरिदम कशाला विचारतील?

कोडेश्वर
तिथला मला अनुभव नाही. वर्डप्रेसपुरतंच आहे हे बरोबर, पण तेही अर्ज, तांत्रिक चाचणी आणि मुलाखत घेऊनच आत घेतात. गिऱ्हाईक तिथे निश्चिंत मनाने काम सोपवायला येतं. शिकाऊ माणसाला तिथे जागा कशी असेल?

निवांत_क्षण
मी सुचवेन की आधी रेझ्युमे नीट करा. मी मागच्या वर्षी नोकरी बदलली, लिंक्डइनवर रोज दहा अर्ज करायचो. पाचव्या महिन्यात घरून करायची नोकरी मिळाली. पगार आधीपेक्षा बरा आहे. धीर सोडू नका.

नवी_वाट
अभिनंदन! पण मला नोकरी बदलायची नाहीये, संध्याकाळच्या वेळेत सुटी कामं हवी आहेत.

तळटीप
निवांत_क्षण यांचा प्रतिसाद प्रश्नाला सोडून वाटेल, पण जॉब बोर्डांबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट त्यात आली आहे. वी वर्क रिमोटलीसारख्या बोर्डावर जाहिरात टाकायला कंपनीला पैसे मोजावे लागतात. फॉर्म बिघडलाय, दोन तासांचं काम आहे, एवढ्यासाठी कोणी तिथे जाहिरात देत नाही. त्यामुळे तिथे बहुतेक पूर्णवेळ किंवा महिनोन्महिने चालणारी कामं दिसतात. आठवड्याला दहा तास देणाऱ्या माणसाला त्यांतली फार थोडी बसतात. सुट्या कामांच्या जागा आहेत, पण त्या वेगळ्या : jobs.wordpress.net वर जाहिरात फुकट असते, म्हणून तिथे छोटी कामंही येतात. हॅकर न्यूजवर दर महिन्याला `Ask HN: Freelancer? Seeking freelancer?` नावाचा धागा निघतो.

मी हे काम नऊ वर्षं करतोय. माझ्या मते तिन्ही वाटा एकाच प्रश्नावर तोलून बघाव्यात : अनोळखी माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवावा यासाठी जामीन कोण राहणार? निवडक व्यासपीठावर जामीन व्यासपीठ राहतं, म्हणून ते आधी परीक्षा घेतं. जॉब बोर्डावर जामीन कोणीच नसतं. तुमचं जुनं काम आणि तुमची माणसं हाच पुरावा. खुल्या बाजारपेठेत आधीच्या गिऱ्हाइकांचे रिव्ह्यू जामीन असतात, आणि पहिला रिव्ह्यू मिळेपर्यंत गिऱ्हाइकाचे पैसे एस्क्रोत, म्हणजे काम होईपर्यंत बाजारपेठेकडे राखून ठेवलेले असतात, त्यामुळे त्याला धोका कमी. ज्याच्याकडे पुरावा नाही त्याने जिथे सगळ्यात छोट्या कामातून पुरावा तयार होतो तिथून सुरुवात करावी. म्हणून माझं उत्तर बाजारपेठ. पण ३८ प्रपोजल पाठवायच्या पद्धतीने नाही. त्याबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो.

शब्दसखी
तळटीप, तुमचा निष्कर्ष वर्डप्रेसपुरता ठीक, सरसकट मात्र नाही. मी अनुवादक आहे. आमच्याकडे प्रोझ आहे, १९९९ पासून चालू आहे. ते खास अनुवादकांचंच व्यासपीठ, पण आत यायला परीक्षा नाही. प्रोफाइल केली की झालं. शिवाय तिथे ब्लू बोर्ड आहे : एखाद्या एजन्सीबरोबर पुन्हा काम कराल का, याला अनुवादक १ ते ५ गुण देतात. पैसे बुडवणारी एजन्सी तिथे चटकन ओळखू येते. सर्वसाधारण बाजारपेठेत मी सुरुवातीचे चार महिने घालवले आणि यंत्राने केलेला अनुवाद कवडीमोलाने दुरुस्त करण्यापलीकडे काही मिळालं नाही.

खास व्यासपीठ म्हणजे नवख्याला दार बंद, असं नसतं. क्षेत्र बघावं लागतं.

तळटीप
शब्दसखी, बरोबर. मी 'खास' आणि 'निवडक' यांची गल्लत केली. प्रोझ खास आहे पण निवडक नाही. एक विचारतो : तिथे पैसे किती दिवसांनी मिळतात?

शब्दसखी
ती खरी अडचण आहे. एजन्सी बिलानंतर ३० दिवसांनी देतात, काही ४५, काही ६०. एस्क्रो नाही. पहिल्या कामाचे पैसे हातात पडेपर्यंत तीन महिने गेले होते. ब्लू बोर्डवर चार-साडेचार गुण पाहूनच काम घेतलं होतं म्हणून झोप लागायची.

माळरान
मी पलीकडच्या बाजूचा. छोटा व्यवसाय आहे, वर्षातून सात-आठ वेळा अपवर्कवर साइटची कामं टाकतो. गिऱ्हाइकाला काय दिसतं ते सांगतो, कदाचित उपयोग होईल.

काम टाकल्यावर तासाभरात तीस-चाळीस प्रपोजल येतात. यादीत प्रत्येकाचं नाव, दर, रिव्ह्यू आणि मजकुराच्या पहिल्या दोनेक ओळी दिसतात. बाकीचं वाचायला उघडावं लागतं. 'आदरणीय महोदय, मला पाच वर्षांचा अनुभव आहे' अशी सुरुवात असली की मी उघडत नाही, कारण तिसातली पंचवीस तशीच असतात. माझ्या अडचणीबद्दल पहिल्या ओळीत काही लिहिलं असेल तर उघडतो, मग रिव्ह्यू शून्य असले तरी. पाच-सहा जणांशी बोलणं सुरू झालं की उरलेली पाहतही नाही. उशिरा आलेलं प्रपोजल कितीही चांगलं असो, माझ्यापर्यंत पोचत नाही.

नवी_वाट
माळरान, हे वाचून पोटात गोळा आला. माझी सुरुवात अगदी तशीच होती.

तळटीप
आता हिशेब. नवी_वाट, तुम्ही जागेचं नाव लिहिलं नाहीत, मी अपवर्कचे जाहीर आकडे घेतो. तिथे प्रपोजल पाठवायला कनेक्ट लागतात, एक कनेक्ट १५ सेंटचा. कामागणिक कमीजास्त लागतात. सरासरी १२ धरले तर ३८ प्रपोजलांना ४५६ कनेक्ट, म्हणजे ६८ डॉलर ४० सेंट. नवख्याला थोडे कनेक्ट फुकट मिळतात, पण ते पुरत नाहीत. कमिशनबद्दल सगळे बोलतात, ते तर काम मिळाल्यावर कापलं जातं. नवख्याचा खरा खर्च न उघडलेल्या प्रपोजलांत होतो.

माझ्या मावसबहिणीने २०२४ मध्ये सुरुवात केली. तिचीही तीनच साइट झाल्या होत्या. आम्ही ठरवलं की 'वर्डप्रेस डेव्हलपर' म्हणून उभं राहायचं नाही. एकच दुखणं घ्यायचं : साइटवरचा संपर्क फॉर्म 'संदेश पाठवला' म्हणतो आणि मालकाला मेल येतच नाही. हे का होतं? काही वेगळं सांगितलं नाही तर वर्डप्रेस `wp_mail()` मधून होस्टिंगच्या सर्व्हरवरूनच मेल ढकलतं. त्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी त्या सर्व्हरला आहे की नाही हे घेणाऱ्याला पटत नाही, आणि मेल स्पॅममध्ये जातो किंवा नाकारला जातो. उपाय : एसएमटीपीचं प्लगइन बसवून खऱ्या मेलसेवेतून पाठवायचं आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये दोन नोंदी नीट करायच्या : कोणत्या सर्व्हरला मेल पाठवायची परवानगी आहे ते सांगणारी एसपीएफ आणि मेलवरची सही पडताळणारी डीकेआयएम. अनेकदा एकाच डोमेनला दोन एसपीएफ नोंदी सापडतात, आधीच्या माणसाने जुनी न काढता नवी घातलेली असते. दोन असल्या की तपासणी नापास होते. काम झालं की जीमेलमध्ये `Show original` उघडायचं. तिथे SPF आणि DKIM पुढे `PASS` दिसलं की गिऱ्हाइकालाही ते स्वतः बघता येतं. छोटं काम, स्पष्ट शेवट, डोळ्यांना दिसणारा पुरावा. पहिल्या रिव्ह्यूसाठी याहून चांगलं काय हवं?

मग प्रपोजल पाठवायचे नियम. काम टाकून तासाच्या आतलं असावं. गिऱ्हाइकाच्या पैशांची साधनं तपासलेली असावीत, आधी काही कामं देऊन झालेली असावीत, आणि त्याने टाकलेल्या कामांपैकी निदान निम्म्यांवर कोणाला तरी नेमलेलं असावं. हे सगळं जाहिरातीशेजारी दिसतं. जाहिरातीत साइटचं नाव असेल तर एसपीएफची नोंद कोणालाही बाहेरून पाहता येते; ती आधी पाहायची. तिची पहिली ओळ असायची : 'तुमच्या डोमेनला दोन एसपीएफ नोंदी आहेत, बहुधा म्हणूनच फॉर्मचे मेल पोचत नाहीत.' माळरान सांगतात ती ओळ हीच.

पाच आठवड्यांत १४ प्रपोजल गेली, दर वेळी साधारण १० कनेक्ट : २१ डॉलर. कामं तीन मिळाली, ४०, ६० आणि ३५ डॉलरची, एकूण १३५. तेव्हा कमिशन सरसकट १० टक्के होतं, साडेतेरा गेले. आता ते कामागणिक ० ते १५ टक्के असतं. सगळं वजा जाता १०० डॉलर ५० सेंट उरले. काम नऊ तासांचं, म्हणजे तासाला अकरा डॉलरच. मात्र शोधण्यात आणि लिहिण्यात गेलेले तास यात धरलेले नाहीत. तीन रिव्ह्यू झाले, आणि साठ डॉलरवालीने नंतर दर महिन्याची देखभाल तिच्याकडे दिली. तिथून तिचं खरं सुरू झालं.

घाईघाईत
फायव्हरवर हेच दुखणं मांडून ठेवलं असतं तर २१ डॉलर वाचले असते.

तळटीप
वाचले असते, हो. पण फायव्हर विक्रेत्याकडून २० टक्के घेतं. १३५ मधले २७ गेले असते. आणि पैसे काम पूर्ण झाल्यावर साधारण १४ दिवसांनी काढता येतात. यापेक्षा मोठी गोष्ट अशी की तिथे नवख्याची सेवा शोधात कितव्या पानावर येईल ते आपल्या हातात नसतं. प्रपोजल निदान आपण स्वतःहून पाठवतो.

घाईघाईत
मला पहिली ऑर्डर अकराव्या दिवशी आली होती. माझ्या सेवेचं नाव इतकं नेमकं होतं की शोधात फारसे स्पर्धकच नव्हते. त्यामुळे मी अजूनही माझ्या मतावर ठाम आहे.

कोडेश्वर
म्हणजे दोघांच्याही यशात नेमकं दुखणं पकडणं हाच भाग सारखा आहे.

आडवळण
जॉब बोर्डाबद्दल माझा एक अनुभव. एका बोर्डावर (नाव देत नाही) अर्ज केला. 'चाचणी म्हणून आमचं मुखपृष्ठ आणि चार आतली पानं करून दाखवा' म्हणाले. तीन रात्री जागून केली. पाठवल्यावर एकही मेल नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या साइटवर मी आखलेली रचना जशीच्या तशी दिसली. करार नाही, एस्क्रो नाही, दाद कुणाकडे मागणार? आज आठवलं तरी वाईट वाटतं.

शब्दसखी
आडवळण, फार वाईट झालं. आमच्यातही असं होतं : मोठा दस्तऐवज तुकडे करून दहा जणांना 'चाचणी' म्हणून वाटायचा, फुकटात सगळा अनुवाद हाती. मी दोन-तीनशे शब्दांपलीकडे फुकट चाचणी देत नाही.

तळटीप
साइटच्या कामात मी तासाभरापलीकडची चाचणी पैसे घेऊनच करतो. आणि बोर्डावरून आलेल्या थेट गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आधी. नाही म्हणाला तर काम सोडतो. नवख्याला हे सांगायला जड जातं याची मला जाणीव आहे, म्हणूनच मी बोर्ड दुसऱ्या टप्प्यावर ठेवतो.

पैलतीर
एक युक्ती सुचवू का? बाजारपेठेत गिऱ्हाईक भेटलं की पहिल्या निरोपातच बाहेर बोलवायचं, कमिशन वाचतं.

तळटीप
हे कृपया करू नका. अपवर्कच्या करारात तिथे भेटलेल्या गिऱ्हाइकाबरोबर दोन वर्षं बाहेर व्यवहार करायला मनाई आहे. करायचाच तर त्यांचं वेगळं शुल्क भरून. पकडलं गेलं की खातं बंद आणि कमावलेले रिव्ह्यूही गेले. शिवाय करार व्हायच्या आधीच कोणी टेलिग्रामवर यायला सांगत असेल तर बहुतेक वेळा तो फसवणारा असतो. आत राहिलात तर ठरलेल्या रकमेच्या कामात पैसे आधी एस्क्रोत भरलेले दिसतात. काम सादर केल्यावर गिऱ्हाइकाने १४ दिवस काहीच केलं नाही तर ते आपोआप सुटतात. मात्र एस्क्रोत पैसे दिसल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

पैलतीर
दोन वर्षांचं कलम वाचलं नव्हतं. मागे घेतो.

माळरान
गिऱ्हाईक म्हणून पुस्ती जोडतो : कोणी बाहेर बोलावलं की मीच बिचकतो. एस्क्रोमुळे मलाही सुरक्षित वाटतं.

नवी_वाट
(तीन आठवड्यांनी)
सर्वांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते. प्रोफाइल 'फॉर्मचे मेल न पोचणे' एवढ्यावरच आणली. तीन आठवड्यांत सहाच प्रपोजल पाठवली, नियमात बसणारी तेवढीच सापडली. दोन उत्तरं आली. एक गिऱ्हाईक गप्प झालं, दुसऱ्याचं काम ३० डॉलरचं मिळालं. एसपीएफ आधीच बरोबर होता. अडचण निघाली ती वेगळीच : फॉर्ममध्ये 'प्रेषक' म्हणून भरणाऱ्याचाच जीमेल पत्ता घातलेला होता, म्हणून मेल बनावट ठरत होते. प्रेषक बदलून साइटच्या डोमेनचा पत्ता घातला आणि भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू' मध्ये टाकला. लगेच पोचले. पाच तारे मिळाले आणि त्या गिऱ्हाइकाने लिहिलं की आधीच्या दोघांना हे सापडलं नव्हतं. तो निरोप मी चार वेळा वाचला.

फायव्हरवरही हीच सेवा मांडून ठेवली आहे, घाईघाईत यांच्यासाठी. अजून कोणी आलं नाही.

आता प्रश्न असा : हे दुखणं असलेली कामं आठवड्याला दोन-तीनच दिसतात. दुसरं दुखणं आत्ताच जोडू की आधी रिव्ह्यू वाढू देऊ?

तळटीप
शाब्बास! प्रेषकाचा पत्ता मलाही प्रपोजलच्या टप्प्यावर सुचला नसता. दुसरं जोडा, पण शेजारचं. दुकानाच्या साइटवरून ऑर्डरचे मेल न जाणं हे याच ज्ञानात बसतं आणि त्याला पैसेही जास्त मिळतात, कारण तिथे मालकाची विक्री अडलेली असते.

घाईघाईत
फायव्हरवर सेवेच्या नावात 'ईमेल' शब्द आहे का? गिऱ्हाईक 'फॉर्म' कमी आणि 'ईमेल येत नाही' जास्त शोधतं.

नवी_वाट
नाहीये! आत्ता बदलते.

शब्दसखी
कोडेबलला कधी अर्ज करणार ते ठरवलंत का?

कोडेश्वर
पंचवीस-तीस कामं होऊ द्या.

तळटीप
मी आकडा सांगणार नाही. दुसऱ्याने बिघडवलेली साइट मदतीशिवाय पूर्ववत करता येऊ लागली की करावा, मग कामं दहा झालेली असोत की चाळीस.